लांब इमारतींचा एक्स्पान्शन जॉइंट: कुठे ठेवायचा, कसा सील करायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शाळांचे मुख्याध्यापक, मंगल कार्यालयांचे मालक, सोसायट्यांचे अध्यक्ष आणि तरुण साइट इंजिनिअर मला सतत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेक प्रश्न लांब इमारतीच्या गच्चीवरच्या सांध्याचे असतात, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गळती तिथूनच होते. म्हणून भरही त्यावरच आहे.

१. आमच्या शाळेच्या इमारतीला मधोमध वरपासून खालपर्यंत सरळ फट आहे. हा तडा आहे का? बुजवून टाकू का?

फट अगदी सरळ असेल, दोन्ही बाजूंना जोडीने कॉलम असतील आणि ती भिंत, स्लॅब, कठडा या सगळ्यांतून एकाच रेषेत जात असेल, तर तो मुद्दाम ठेवलेला सांधा, म्हणजे एक्स्पान्शन जॉइंट आहे. तो सिमेंटने बुजवू नका. काँक्रीट उन्हात वाढतं आणि थंडीत आकसतं. लांब इमारत एकसंध असेल तर ही वाढ भिंती आणि कॉलमना ढकलते. म्हणून इमारतीचे दोन तुकडे करून मध्ये हालायला जागा ठेवतात. भुसावळजवळच्या एका साइटवर म्हाताऱ्या मिस्त्रींनी हेच तिथल्या शिपायाला एका वाक्यात सांगितलं होतं: “भाऊ, हाऊ तडा नही, सांधा शे.” खरा तडा वाकडातिकडा जातो आणि त्याच्या कडा खडबडीत असतात.

२. किती लांबीच्या इमारतीला जॉइंट लागतो?

काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आय.एस. ४५६ म्हणतं की ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला साधारणपणे एक किंवा जास्त एक्स्पान्शन जॉइंट धरून डिझाइन करावं. हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नाही. तापमानाचा पूर्ण हिशोब करून आणि मधला एक पट्टा उशिरा ओतून डिझायनर त्यापेक्षा लांब इमारतही बिनसांध्याची करतात. उलट ४० मीटरच्या इमारतीला त्रास होतो असंही दिसतं.

खान्देशात मी ४५ ची वाट पाहत नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि थंडीत पहाटे १० च्या खाली येतो. त्यात गच्ची उघडी, वर कोबाही नाही, अशी इमारत असेल तर ३० ते ३६ मीटरवर सांधा ठेवावा, असं माझं मत आहे. जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा, म्हणून खालच्या छताला दिवसरात्रीचा फरक जाणवायचा नाही. आपण धाबं काढून उघडा स्लॅब टाकला आणि ही सगळी हालचाल ओढवून घेतली.

३. स्लॅब खरंच हालतो का? किती हालतो?

मोजता येण्याइतका हालतो. एक खरं उदाहरण सांगतो, पुढच्या काही उत्तरांतही तेच येईल. ७२ मीटर लांब, ९ मीटर रुंद, तळमजला अधिक एक मजला अशी शाळा आहे. सांधा मधोमध, म्हणजे प्रत्येकी ३६ मीटरचे दोन भाग. सांध्याची रुंदी ओतताना २५ मिलिमीटर ठेवली होती.

प्रत्येक भाग आपल्या मध्यापासून दोन्हीकडे वाढतो. म्हणजे सांध्याकडे डावीकडून १८ मीटरची आणि उजवीकडून १८ मीटरची वाढ येते, एकूण ३६ मीटरची. आपल्याकडे खडी काळ्या पाषाणाची असते. तिच्या काँक्रीटची वाढ आय.एस. ४५६ मध्ये अंशामागे ०.००८ ते ०.००९५ मिलिमीटर प्रति मीटर दिली आहे. आपण ०.००९ धरू. मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत स्लॅबच्या सरासरी तापमानाचा फरक ३५ अंश धरला, तर

```
36 × 0.009 × 35 = 11.3 मिमी
```

मी व्हर्नियरने मोजलं तेव्हा मेमध्ये दुपारी तीन वाजता फट २१ मिलिमीटर होती आणि जानेवारीत सकाळी सात वाजता ३२. म्हणजे ११ चा फरक. हिशोब आणि मोजमाप नेहमी इतकं जुळत नाही, कारण कॉलम स्लॅबला थोडं धरून ठेवतात आणि वर कोबा असेल तर स्लॅब कमी तापतो. पण अंदाज बांधायला हिशोब पुरेसा आहे.

४. लांबी मोजून बरोबर मधोमध ठेवला की झालं ना?

सरळ आयताकृती इमारत असेल तर हो. पण आपल्या शाळा आणि मार्केट बहुधा ‘एल’ किंवा ‘यू’ आकाराची असतात. तिथे सांधा कोपऱ्यावर यायला हवा, कारण दोन हात दोन दिशांना वाढतात आणि ओढाताण कोपऱ्यात होते. तसंच एक भाग दोन मजली आणि शेजारचा एकमजली असेल, तर उंची जिथे बदलते तिथे सांधा घ्या.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र कॉलम आणि स्वतंत्र बीम लागतात. एकाच बीमवर दोन्ही स्लॅब टेकवून मध्ये कागद घातला म्हणजे सांधा झाला, असं काही ठिकाणी करतात. तिथे घर्षणाने बीमच फाटतो. आणखी एक: जिना, संडास-बाथरूम आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी सोडणारा पाइप सांध्यावर कधीही आणू नका. नकाशावर ही चूक खोडायला रबर पुरतं, नंतर पुरत नाही.

रुंदी फक्त उष्णतेवर ठरत नाही. भूकंपात दोन भाग एकमेकांवर आपटू नयेत एवढी मोकळीक लागते. ती मजल्यांबरोबर वाढते आणि २५ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवत नाहीत. तीन-चार मजल्यांची इमारत असेल तर हा आकडा स्ट्रक्चरल डिझायनरकडूनच घ्या.

५. सांधा पायापर्यंत न्यायचा का? आमच्याकडे काळी माती आहे.

फक्त उष्णतेसाठीचा सांधा फूटिंगच्या वरच्या पातळीला थांबतो. जमिनीखाली तापमान फारसं बदलत नाही, म्हणून दोन्ही कॉलमना एकच फूटिंग चालतं, आणि तसंच करतात.

काळ्या मातीची अडचण वेगळी आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे इमारतीचा एक भाग वर उचलला जाऊ शकतो किंवा खचू शकतो. इमारतीचं एक टोक मुरमावर आणि दुसरं काळ्या मातीवर असेल, तर तिथे सांधा पायासकट आरपार न्यावा लागतो, फूटिंगही वेगळी. तापी-पूर्णेच्या काठच्या गावांत हा प्रश्न खूप ठिकाणी येतो. माती तपासणीचा खर्च टाळू नका, कारण कुठला सांधा हवा ते त्यावरच ठरतं.

६. स्लॅब ओतताना फटीत काय ठेवायचं?

दाबलं की दबणारी फळी: डांबर मुरवलेला फायबर बोर्ड किंवा फोमचा बोर्ड. थर्माकोल चालतो, पण व्हायब्रेटरच्या धक्क्याने तो तुटतो आणि काँक्रीट पलीकडे जातं. सेंट्रिंगची लाकडी फळी आत सोडून देऊ नका. ती पाणी पिऊन फुगते.

सगळ्यात मोठा धोका म्हणजे फटीत पडलेलं काँक्रीट आणि खडी. मुठीएवढा एक घट्ट गोळा दोन्ही स्लॅबच्या मध्ये अडकला तरी उन्हाळ्यात सगळा दाब त्या एका जागी येतो आणि कडेचा ढलपा उडतो. सेंट्रिंग काढल्यावर खालून बॅटरी लावून पूर्ण सांधा पाहा. आरपार उजेड दिसायला हवा, नाहीतर फक्त फळी दिसायला हवी. गोळा दिसला तर तेव्हाच फोडा.

७. दरवर्षी सील करतो, तरी पावसाळ्यात गळतंच. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. वर सांगितलेल्या शाळेतही हेच होतं. त्यांचं सील दोन वर्षांत दोनदा भरलं गेलं होतं, दोन्ही वेळा आखाजीनंतरच्या सुटीत, म्हणजे शाळा रिकामी असताना. माल चांगला पॉलीसल्फाइडचा होता आणि भरणारा माणूसही नवखा नव्हता. तरी जानेवारीत पाहिलं तर सील एका कडेला नऊच्या नऊ मीटर सुटलेलं होतं. त्या फटीत माझ्या नखाची कड सहज जात होती.

कारण असं. मेच्या दुपारी फट २१ मिलिमीटर होती, म्हणजे वर्षातली सगळ्यात अरुंद. या प्रकारचं सील साधारण आपल्या रुंदीच्या २५ टक्के इकडे-तिकडे हालू शकतं. २१ चे २५ टक्के म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर. जानेवारीपर्यंत फट ११ मिलिमीटर उघडली. दुप्पट ताण आला आणि सील कडेपासून सुटलं. मग पुढच्या उन्हाळ्यात फट मिटली, सुटलेली कड परत चिकटल्यासारखी दिसली, आणि पाहणाऱ्याला वाटलं सगळं ठीक आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत.

दुसरी चूक आत होती. सील कापून काढलं तेव्हा त्याचा खालचा भाग थेट फायबर बोर्डला चिकटलेला होता. सील फक्त दोन बाजूंना चिकटायला हवं. तळालाही चिकटलं तर त्याला रबरासारखं ताणता येत नाही आणि ते फाटतं. वरची पट्टी बदलून काही होणार नव्हतं. पूर्ण खरवडून नवीन भरावं लागलं, कसं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

८. मग सील कुठल्या महिन्यात भरायचं?

फट मध्यम रुंदीची असते तेव्हा. आपल्याकडे त्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले, म्हणजे नोव्हेंबर, सकाळी दहाच्या आत. पाऊस संपून काँक्रीट वाळलेलं असतं आणि धुळीचे वारेही नसतात. त्या शाळेत आम्ही नोव्हेंबरात सकाळी भरलं तेव्हा फट २७ मिलिमीटर होती. तिथून थंडीत ५ उघडते आणि उन्हाळ्यात ६ मिटते. २७ चे २५ टक्के म्हणजे पावणेसात, त्यामुळे दोन्हीकडे बसतं. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडाही चालतो.

मेमध्येच करायची वेळ आली, तर पहाटे साडेपाच-सहाला भरा. स्लॅब रात्रभर निवलेला असतो. तरी ती मध्यम रुंदी नसतेच. अशा वेळी जास्त ताण घेणारं, म्हणजे ५० टक्के हालचाल सोसणारं सील मागवा.

स्लॅब नवीन असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. काँक्रीट वाळताना कायमचं थोडं आकसतं आणि पहिल्या वर्षात फट त्यामुळेही रुंदावते. म्हणून सेंट्रिंग काढल्या काढल्या सील भरू नका. पहिल्या पावसाळ्यापुरतं वरच्या झाकणावर भागवा (प्रश्न ११), सील पावसाळ्यानंतर.

९. सील भरण्याची नेमकी पद्धत सांगा.

जुना माल, डांबर, माती सगळं कडांवरून काढून आतलं काँक्रीट उघडं करा. ग्राइंडरची चकती फिरवली तर उत्तम. कडा फुटलेल्या असतील तर त्या आधी इपॉक्सी मॉर्टरने सरळ करा आणि ते पूर्ण घट्ट होऊ द्या. मग ब्लोअरने धूळ उडवा. बोटाने कड पुसून बघा. बोट पांढरं झालं तर अजून धूळ आहे आणि प्रायमर त्या धुळीलाच चिकटणार आहे.

त्यानंतर फोमची गोल दोरी, जिला बाजारात बॅकर रॉड म्हणतात, ती दाबून बसवा. तिचा व्यास फटीपेक्षा पाव पट जास्त हवा: २७ मिलिमीटरच्या फटीला सुमारे ३४. मिळेल त्यातली जवळची मोठी घ्या. ती टोकदार हत्याराने खुपसू नका. भोक पडलं तर आतली हवा वर येऊन सीलमध्ये फुगे येतात. लाकडाची बोथट पट्टी वापरा, आणि पट्टीवर खूण करून दोरी सगळीकडे सारख्याच खोलीवर ठेवा. ही दोरीच सीलला तळाशी चिकटू देत नाही.

सीलची जाडी रुंदीच्या निम्मी ठेवा. २७ ला साधारण १३. ‘जाड म्हणजे मजबूत’ असं गवंडी म्हणतात, पण जाड सील ताणताना कडांना जास्त ओढतं. या मापाने मीटरमागे सुमारे ३५० मिलिलिटर माल लागतो. ९ मीटरच्या गच्चीला सव्वातीन लिटर, थोडी नासधूस धरून साडेतीन.

दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, प्रायमर मारा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेतच सील भरा. दोन घटकांचं पॉलीसल्फाइड असेल तर दोन्ही डबे पूर्ण मिसळा, अर्धा-अर्धा अंदाजाने नाही. हळू फिरणाऱ्या ड्रिलला पाते लावून, रंगाच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत मिसळत राहा. उन्हात मिसळलेला माल लवकर घट्ट होतो, म्हणून डबे सावलीत ठेवा आणि एका वेळी थोडाच माल करा. भरल्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या पट्टीने किंचित खोलगट दाबून फिरवा आणि सील ओलं असतानाच टेप काढा. त्यावर आठवडाभर कुणाला चालू देऊ नका. मग दोन्ही बाजूंना पाणी अडवून दोन दिवस ठेवा आणि खालून पाहा.

१०. डांबर ओतलं तर? किंवा व्हाइट सिमेंट, सिलिकॉन?

सिमेंट, व्हाइट सिमेंट, वॉल पुट्टी: कधीच नाही. ही ताणली जात नाहीत, पहिल्याच थंडीत तडकतात. नुसतं डांबर मेमध्ये वितळून वाहतं आणि जानेवारीत काचेसारखं फुटतं. त्याहून वाईट म्हणजे काठांना मुरलेल्या डांबरावर नंतरचं चांगलं सील धरत नाही. म्हणून ‘तात्पुरतं डांबर लावू’ हा सल्ला महागात पडतो.

गच्चीच्या आडव्या सांध्याला ओतायचं आणि भिंतीच्या उभ्या सांध्याला गनने भरायचं असे पॉलीसल्फाइडचे दोन प्रकार येतात. आपापल्या जागीच वापरा. पॉलीयुरेथेनही चांगलं, पण उघड्या उन्हात टिकणाराच प्रकार मागा. सिलिकॉन ऊन उत्तम सोसतं, मात्र त्यावर रंग बसत नाही आणि पुढे सील बदलायची वेळ आली की त्याचा अंश काढायला फार त्रास होतो.

११. सील केलं म्हणजे गच्ची सुरक्षित का?

नाही. सील ही दुसरी फळी आहे. पहिली म्हणजे सांध्यापर्यंत पाणीच येऊ न देणं. नवीन बांधत असाल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना स्लॅबबरोबरच किमान १५० मिलिमीटर उंच काँक्रीटचे बांध ओता. गच्चीचा उतार दोन्हीकडे सांध्यापासून दूर पडू द्या. वॉटरप्रूफिंग आणि वाटा बांधावर चढवून न्या. बांधांवर कडप्पा, आधी ओतलेली काँक्रीटची फरशी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी टोपीसारखी ठेवा आणि ती फक्त एकाच बाजूला पक्की करा. दोन्हीकडे स्क्रू मारले तर टोपीच सांधा बांधून टाकते. मग स्क्रू तरी उपटतात, नाहीतर बांध फुटतो.

बांध ठेवायला जागा नाही, गच्चीवर येजा आहे, अशा ठिकाणी सीलच्या खाली पीव्हीसीचा वॉटरस्टॉप किंवा मधे घडी घातलेला पत्रा स्लॅबमध्ये ओतताना बसवतात. नंतर तो बसत नाही.

१२. भिंतीतून, फरशीतून, कठड्यातून सांधा दाखवायलाच हवा का? दिसायला वाईट दिसतो.

दाखवायलाच हवा. सांधा जिथे झाकाल तिथे तो आपली जागा स्वतः करून घेतो, वाकडीतिकडी. कठड्यावरची कोपिंग सलग ओतणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. स्लॅबला फट, पण वर कोपिंगमधल्या दोन सळ्या दोन्ही भागांना बांधून ठेवतात. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सील भरा, आतून एका बाजूला बसवलेली पट्टी लावून झाका. फरशीतही त्याच रेषेत पट्टी घ्या. वायरिंगचे पाइप सांधा ओलांडत असतील तर तिथे लवचीक तुकडा टाका.

लांब छज्जे आणि कठडे मुख्य इमारतीपेक्षा पातळ असल्याने लवकर तापतात आणि लवकर निवतात. त्यांना दर ६ ते १२ मीटरवर स्वतःचा सांधा लागतो, इमारत ४५ मीटरपेक्षा लहान असली तरी.

१३. कापसाच्या गोडाऊनच्या ट्रीमिक्स फ्लोअरलाही असाच सांधा ठेवायचा का?

तिथला मुख्य त्रास वाढण्याचा नाही, आकसण्याचा आहे. छपराखालच्या जमिनीवरच्या स्लॅबला चार-साडेचार मीटरवर कटरने चिरा मारतात, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल. उन्हाळ्यात ओतलं असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, कडा न तुटता चकती चालायला लागली की लगेच कापा. एक्स्पान्शनसारखी पूर्ण फट फक्त भिंतीलगत आणि कॉलमभोवती लागते. तिथे फोमची पट्टी ठेवा. दारातून बाहेर उन्हात जाणारा लोडिंगचा स्लॅब मात्र आतल्यापासून पूर्ण वेगळा करा.

१४. आमची ६० मीटरची इमारत बिनसांध्याची बांधली गेली. आता तडे आहेत. कापून सांधा करता येईल का?

स्वतःहून कापू नका. स्लॅब कापला की सळ्या तुटतात आणि ज्या स्लॅबला दोन्हीकडून आधार होता तो एका बाजूने लटकतो. आधी तडे खरंच उष्णतेचे आहेत का ते बघा. उष्णतेचे तडे सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि इमारतीच्या टोकांच्या खोल्यांत येतात: स्लॅबच्या खाली भिंतीत आडवी रेघ, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी रेघ. मधल्या खोल्या स्वच्छ असतात. काळ्या मातीचे तडे तळमजल्यापासून सुरू होतात.

शंका असेल तर तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना चिकटवा आणि तारीख लिहा. काच तुटली तर तडा जिवंत आहे. शेजारी तड्याच्या दोन्ही बाजूंना दोन खुणा करून त्यांतलं अंतर मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजा. अंतर तापमानाबरोबर कमी-जास्त होत असेल तर उष्णता. पावसाबरोबर बदलत असेल तर माती.

उष्णता असेल तर गच्चीला तापू न देणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय: विटकर कोबा किंवा इन्सुलेशन, वर पांढरा उष्णतारोधक थर. हालणारे तडे चर पाडून सीलने भरा, सिमेंटने नाही. एवढं करूनही कॉलम-बीमच्या जोडावर तडे वाढत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेलच.

१५. जुन्या इमारतीला चिकटून नवीन वर्ग बांधतोय. लांबी एकूण ३० मीटरच आहे. तरी सांधा?

हो. इथे लांबीचा प्रश्नच नाही. जुनी इमारत जेवढी खचायची तेवढी खचून झाली आहे, नवी अजून बसायची आहे. नव्या स्लॅबच्या सळ्या जुन्या बीममध्ये ड्रिल करून अडकवू नका. नवे कॉलम वेगळे घ्या. सांधा पायासकट वेगळा असावा, आणि नवीन फूटिंग खणताना जुन्याखालची माती मोकळी होऊ देऊ नका.

१६. गच्चीवर सोलर बसवलं आणि त्यानंतर सांधा गळायला लागला. संबंध असेल का?

असू शकतो, दोन कारणांनी. एक, पॅनेलची चौकट सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या स्लॅबला बोल्ट केली असेल तर ती सांधा धरून ठेवते आणि बोल्टची भोकं मोठी होतात. चौकट सांध्यावर तोडून दोन स्वतंत्र भाग करायला सांगा. दोन, बसवणाऱ्यांनी पाइप आणि केबल नेण्यासाठी सांध्यावरची टोपी उचलली असेल आणि परत ठेवताना दोन्हीकडे स्क्रू मारले असतील. टोपी काढून पाहा. बांधाच्या एका कडेला ताजा तडा आणि स्क्रूभोवती सिमेंटची पूड दिसली तर तेच कारण. त्या बाजूचे स्क्रू काढून भोकं भरा, टोपी पुन्हा एकाच बाजूला बसवा, आणि केबल बांधांच्या वरून कमानीसारखी सैल सोडून न्या.